वरंगळच्या रेषेने दिलेला दाखला

माझ्या एक्सेल शीटवर माझा फार जीव होता. दोन बिंदूंचे अक्षांश-रेखांश टाकले की हॅव्हरसाइनच्या सूत्राने अंतर हजर. पृथ्वीची त्रिज्या एका कोपऱ्यातल्या सेलमध्ये लिहिलेली: `6371`. हैदराबादेत सर्व्हेच्या कामाला लागलो त्या पहिल्याच वर्षी हे शीट बनवलं होतं, आणि वापरण्याआधी रीतसर तपासलंही होतं. तेव्हा आमच्याकडे वरंगळपर्यंतच्या वीजवाहिनीचं काम होतं. भुवनगिरी, जनगाव करत रेषा ईशान्येला जायची. डीजीपीएसच्या सॉफ्टवेअरने दिलेली अंतरं आणि माझ्या शीटची अंतरं शेजारी शेजारी मांडली, तर फरक नगण्य. शीट पास झालं. ऑफिसात ते सगळ्यांच्या पेन ड्राइव्हवर गेलं.

पुढचं मोठं काम नागपूर हायवेच्या बाजूने होतं. मेडचलपासून तूप्रान, रामायमपेटवरून कामारेड्डीकडे, म्हणजे जवळजवळ नाकासमोर उत्तरेला. टॉवरलाइनमध्ये जिथे रेषा वळते त्या जागेला आम्ही अँगल पॉइंट म्हणतो. दोन अँगल पॉइंटमधली लांबी धरून टॉवर किती, तार किती हे ठरतं. तूप्रानच्या पुढच्या एका तुकड्याची लांबी शीटमध्ये १४.२७८ किलोमीटर आली होती. पोरांनी टोटल स्टेशनने चेनेज टाकत नेलं, तर शेवटच्या खुंटीला १४.२१२. सहासष्ट मीटर गायब!

साहजिकच मी पोरांवर घसरलो. प्रिझमचा कॉन्स्टंट चुकीचा टाकला असेल, मधली एखादी खुंटी हलली असेल, तापमान भरलं नसेल. संध्याकाळी आमच्या जुन्या सरांना फोन केला. उप्पलला सर्व्हे ऑफ इंडियाची जी प्रशिक्षण संस्था आहे तिथे त्यांनी उमेदीची वर्षं काढलेली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे, प्रिझमची चूक दर शॉटला तेवढीच असते, ती अंतराबरोबर वाढत नाही. आणि तापमान एक अंशाने चुकलं तर दहा लाखांत एक भाग, म्हणजे किलोमीटरला एक मिलिमीटर चुकतं. तुझी चूक किलोमीटरला साडेचार मीटरच्या वर आहे. एवढं तापमान चुकायला उपकरण भट्टीत ठेवावं लागेल. पूर्वेकडे जाणारा एखादा तुकडा आहे का? तो बघ."

होता. कामारेड्डीच्या अलीकडे रेषा काही अंतर जवळजवळ सरळ पूर्वेला जात होती. तिथे जमिनीवर ११.०५० किलोमीटर आणि शीटमध्ये ११.०३४. म्हणजे उत्तरेला शीट लांबी फुगवत होतं आणि पूर्वेला तेच शीट सोळा मीटर खात होतं. मोजणाऱ्याची चूक दिशा बघून चिन्ह बदलत नाही. चूक सूत्रात होती.

हॅव्हरसाइन पृथ्वीला चेंडू समजतं, सगळीकडे एकच त्रिज्या. प्रत्यक्षात ती ध्रुवांपाशी दाबलेली आहे. विषुववृत्तीय त्रिज्या ६३७८ किलोमीटर, ध्रुवीय ६३५७. पण हा एकवीस किलोमीटरचा फरक पाहून सगळं कळत नाही. मोजणीच्या रेषेला पृथ्वीच्या मध्यापासूनच्या अंतराशी देणंघेणं नसतं, पायाखालची जमीन त्या दिशेने किती वाकते याच्याशी असतं. ध्रुवांपाशी चपटेपणा असल्यामुळे विषुववृत्ताच्या बाजूला उत्तर-दक्षिण वाक जास्त तीव्र होतो. हैदराबादच्या अक्षांशावर उत्तर-दक्षिण वाकाची त्रिज्या सुमारे ६३४१ किलोमीटर आहे आणि पूर्व-पश्चिम वाकाची ६३८०. माझा ६३७१ या दोघांपैकी कुणाचाच नव्हता. उत्तरेला तो किलोमीटरमागे सुमारे ४.७ मीटर जास्त देतो, पूर्वेला १.४ मीटर कमी.

मग वरंगळच्या कामात शीट पास कसं झालं? त्या रात्री काचीगुड्याच्या खोलीवर बसून मी हा हिशेब केला. एका दिशेला चूक अधिक आणि दुसरीला उणे असेल, तर मधल्या कुठल्यातरी दिशेला ती शून्य असणारच. आपल्या अक्षांशावर ती दिशा उत्तरेपासून साधारण ६१ अंशांवर येते. हैदराबादहून वरंगळची दिशा काढली, तर ती ६१ अंश! १३४ किलोमीटरच्या त्या रेषेत चेंडूच्या आणि दाबलेल्या पृथ्वीच्या सूत्रांची उत्तरं पाच मीटरांच्या आत जुळतात. मी शीट तपासायला नेमकी तीच रेषा निवडली होती, जिच्यावर ते कधीच नापास झालं नसतं.

मग एलिप्सॉइडवर, म्हणजे त्या दाबलेल्या गोलावर, अंतर काढणारं सूत्र घेतलं. व्हिन्सेंटी यांनी १९७५ साली दिलेली पद्धत मिलिमीटरच्या आत अचूक आहे. फक्त पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध टोकांवरच्या बिंदूंसाठी तिची आवर्तनं कधी कधी थांबत नाहीत. कार्नी यांनी २०१३ साली मांडलेली पद्धत तिथेही चालते, आणि पायथनमध्ये ती तयार मिळते:

```python
from pyproj import Geod
g = Geod(ellps="WGS84")
az, back, d = g.inv(78.487, 17.385, 79.088, 21.146)
```

यात रेखांश आधी आणि अक्षांश नंतर लिहायचा असतो. मी पहिल्यांदा उलटं लिहिलं आणि अर्धा तास वाया घालवला. वरचे बिंदू हैदराबाद आणि नागपूरचे आहेत. उत्तर येतं ४२१.१ किलोमीटर. माझं शीट सांगत होतं ४२२.९. एक किलोमीटर आठशे मीटरांहून जास्त फरक. उलट सोलापूरची रेषा जवळजवळ पूर्व-पश्चिम आहे, तिथे पावणेतीनशे किलोमीटरांत शीट सुमारे ३७० मीटर कमी दाखवतं.

नागपूरच्या याच वाटेवर भारताचा महात्रिकोणमितीय सर्व्हे सुरू करणारे लॅम्बटन वारले. जानेवारी १८२३, हैदराबादहून नागपूरकडे जाताना, हिंगणघाटला. अक्षांशाच्या एका अंशाची लांबी जागोजाग किती भरते हे मोजत त्यांनी आयुष्य घालवलं. म्हणजे माझ्या कोपऱ्यातल्या सेलने जे एक आकडा लिहून उरकलं होतं, नेमकं तेच.

आता कुणी म्हणेल, लहान अंतराला काय फरक पडतो? इथे गफलत होते. चुकीचं प्रमाण लहान रेषेतही तेच राहतं, फक्त मीटर कमी होतात. तेव्हा तुमचं उपकरण किती अचूक आहे ते बघायचं. हातातल्या जीपीएसची पाच मीटर इकडेतिकडे होण्याची सवय धरली, तर उत्तरेच्या रेषेत एक किलोमीटरपर्यंत हॅव्हरसाइनची चूक त्या गोंधळात लपून जाते. आरटीकेने दोन सेंटिमीटरपर्यंत मोजत असाल, तर ती चार-पाच मीटरांवरच डोकं वर काढते. जवळचा पेट्रोल पंप शोधणाऱ्या ॲपला अर्धा टक्का चालतो, कारण रस्त्याची वळणंच त्याहून कितीतरी जास्त असतात. तिथे मी हॅव्हरसाइनच वापरेन.

एलिप्सॉइडचं अंतर म्हणजे जमिनीवरचं अंतर, असंही समजू नका. हैदराबाद पठारावर आहे, त्यामुळे टोटल स्टेशनचं अंतर एलिप्सॉइडवरच्या अंतरापेक्षा किलोमीटरला सुमारे सात सेंटिमीटर जास्त भरतं. तूप्रानच्या तुकड्यात ते जेमतेम एक मीटर झालं, आणि उंचीची दुरुस्ती केल्यावर तेही जुळलं.

पोरांची माफी मागितली. जुन्या फायली काढून उत्तरेचे सगळे तुकडे पुन्हा मोजले.

तुमच्याही शीटच्या कोपऱ्यात `6371` बसलेला असेल, तर त्याची परीक्षा तिरप्या रेषेवर घेऊ नका. आपल्या भागात सरळ उत्तरेला एक अंश चाला. ११०.७ किलोमीटर यायला हवेत. १११.२ आले, तर तो सेल आजच पुसा.