दर्शनी हुंडी आणि मुदती हुंडी



काही जोडप्यांत एकाला मनात काही आलं की तिथल्या तिथे बोलून मोकळं व्हायचं असतं आणि दुसऱ्याला आवाज जरा चढला की तिथून उठून जायचं असतं. पहिल्याला वाटतं, ह्याला माया नाही. दुसऱ्याला वाटतं, हिची भुणभुण कधी संपायचीच नाही. बहुतेक ठिकाणी बायको बोलणारी आणि नवरा गप्प, पण उलटही मी पाहिलं आहे.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी आठ-दहा दिवस पुण्याला भाचीकडे होते. तिच्या लग्नाला सहा वर्षं झाली आहेत, दोघंही सालस. त्यांच्या परवानगीनेच एका गुरुवारची गोष्ट सांगते. सासूबाईंच्या तपासणीची तारीख ठरवायची म्हणून तिने दुपारी तीनला जावयांना फोन केला. त्यांनी उचलला नाही. तासाभरात तिने आणखी तीनदा केला. शेवटी "कामात आहे" एवढाच मेसेज आला. रात्री साडेआठला ते घरात पाऊल टाकतात तोच ही म्हणाली, "एक फोन उचलता येत नाही?" ते "आता आलोय ना" म्हणाले आणि मोबाईल बघत बसले. मग ही म्हणाली, "तुला माझं काही पडलेलंच नाही," आणि मागच्या दिवाळीपासूनचं सगळं निघालं. ते उठून बाल्कनीत गेले. ही मागोमाग गेली. त्यांनी गाडीची किल्ली उचलली ते थेट अकराला परत. सकाळी काही झालंच नाही अशा आवाजात त्यांनी चहा मागितला. तारीख तशीच राहिली.

नंतर ती मला म्हणाली, "मावशी, त्याचं काळीज दगडाचं आहे." ते म्हणाले, "मावशी, मी काहीही बोललो तरी चुकतंच, मग गप्प बसलेलं बरं."

आता ह्यातली मेख बघा. तो दूर गेला की तिची भीती वाढते, म्हणून ती मागे लागते. ती मागे लागली की त्याचा जीव घुसमटतो, म्हणून तो आणखी दूर जातो. एकाचं औषध तेच दुसऱ्याचं दुखणं. सुरुवात कोणी केली ह्याचा हिशोब लागत नाही, कारण दोघांच्या वह्यांत पहिली नोंद समोरच्याच्या नावावर असते.

मेरी एन्सवर्थ नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेत बाल्टिमोरला वर्षभराच्या मुलांवर एक प्रयोग केला होता. आई काही मिनिटं खोलीबाहेर जायची आणि परत यायची. काही मुलं आई आल्यावर तिला बिलगायची, पण रागाने हातपायही झाडायची, शांत होतच नसत. काही मुलं मात्र आई आली तरी खेळण्यातून मान वर करत नसत. बघणाऱ्याला वाटावं, ह्यांना काही फरकच पडला नाही. पुढे अशा मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले, तर तेही वाढलेले निघाले. 1987 साली हेझन आणि शेव्हर ह्या संशोधकांनी हीच दृष्टी मोठ्या माणसांच्या प्रेमाला लावली. मला ह्यातली ती ठोक्यांची गोष्ट फार मोलाची वाटते. गप्प माणूस आतून गप्प असतोच असं नाही.

माझ्या भाचीची आई तिच्या लहानपणी सारखी आजारी असायची. पोरीला जवळ घेतलं जायचं, पण कधी ह्याचा नेम नव्हता. जोरात रडलं की कोणीतरी यायचं. जावई आठव्या वर्षी बोर्डिंगात गेले. तिथे रडणाऱ्याची टिंगल व्हायची, त्यामुळे ते गिळायला शिकले. दोघांनी आपापल्या जागी शहाणपणाचंच केलं होतं. तेच आता ह्या घरात नडत होतं. बालपण असं म्हणून माणूस असाच राहणार, असं मात्र नाही. सवय आहे, ती बदलता येते.

भांडताना शरीरातही काही घडतं. जॉन गॉटमन ह्यांनी जोडप्यांना वादाच्या विषयावर बोलायला बसवून त्यांची नाडी तपासली. ठोके मिनिटाला शंभरच्या वर गेले की माणसाला समोरचं बोलणं नीट ऐकताही येत नाही. ते खाली यायला निदान वीस मिनिटं लागतात. बाल्कनीतल्या माणसाला "आत्ताच्या आत्ता बोल" म्हणणं फुकटच जातं, ते ह्यामुळे.

मी कॉमर्सची, म्हणून मला हुंडी आठवली. दर्शनी हुंडी दाखवली की तिथेच पैसे मोजावे लागतात. मुदती हुंडी ठरल्या तारखेला वटते. भाची दर्शनी हुंडी घेऊन उभी राहायची आणि जावई तारीख न घालताच निघून जायचे. तारीख नसलेल्या कागदावर कोण विश्वास ठेवील? दोघांनाही मी हेच सांगितलं, आणि मग त्यांनी आपसात असं ठरवलं.

ज्याला उठून जायचं आहे त्याने परत येण्याची वेळ सांगून जायचं. "मला आत्ता सुचत नाही, साडेनऊला बोलू." वीस मिनिटांहून कमी नको आणि दुसऱ्या दिवसावर शक्यतो नको. ठरल्या वेळी विषय त्यानेच काढायचा, दुसऱ्याला आठवण करायला लागू नये. थांबणाऱ्याने मधल्या वेळात मागे जायचं नाही, मेसेज करायचा नाही. आणि बोलायला बसल्यावर एकच गोष्ट मागायची, नेमकी. "तुला माझं पडलेलं नाही" ह्यावर माणूस काय करणार? "फोन उचलता आला नाही तर किती वाजता करशील ते लिही" हे करता येतं.

पहिल्या आठवड्यात दोनदा फसलं. एकदा ते साडेनऊ म्हणाले आणि टीव्हीसमोरच बसून राहिले. एकदा ती दाराबाहेर घड्याळ बघत उभी होती, आणि आत त्यांना तिची पावलं ऐकू येत होती, म्हणजे विश्रांती कसली? मग त्यांनी दोन दुरुस्त्या केल्या. वेळ पाळता येत नसेल तर आपणहून नवी वेळ सांगायची. आणि मधल्या वेळात दोघांनीही मनात भांडणाची उजळणी करायची नाही, नाहीतर ठोके खाली येतच नाहीत. ती भाजी निवडायला बसते, ते खाली दोन फेऱ्या मारतात.

परवा तिचा फोन आला होता. दुपारी त्यांचा मेसेज येतो, "मीटिंग आहे, पाचला करतो," आणि पाच-सव्वापाचला फोन येतो. तिचे चार फोन एकावर आले आहेत. भांडणं होतात, पण गाडीची किल्ली खुंटीवर राहते. आपली हुंडी वटते असा अनुभव दहा-बारा वेळा आला की मागणाराही घाई कमी करतो, आणि मागणं कमी झालं की देणाऱ्यालाही जवळ बसवतं.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवा. जिथे हात उगारला जातो, पैसे अडवले जातात, दारू आहे, किंवा शिक्षा म्हणून आठवडेच्या आठवडे अबोला धरला जातो, तिथे हे लागू नाही. तिथे तुम्ही अर्ध्या वाटेवर जायचं नसतं. माहेरच्या विश्वासू माणसाला सांगा, महिलांसाठीच्या 181 क्रमांकावर फोन करा. आणि दोघं चांगले असूनही दोन-तीन महिन्यांत काही फरक पडला नाही, तर जोडप्यांसाठीच्या समुपदेशकाकडे दोघांनी मिळून जावं.

करून बघायचं असेल तर भांडणाच्या दिवशी विषय काढू नका. रविवारी सकाळी, चहा घेताना, दोघांचं डोकं थंड असताना फक्त एवढंच ठरवा, की उठून जाताना वेळ सांगायची.