करारातली तारीख, नकाशातली खिडकी

आचऱ्यातल्या बारा घरांच्या इमारतीत आम्ही फ्लॅट घेतला. नोंदणी केलेल्या करारात ताब्याची तारीख 31 डिसेंबर 2023 होती. ती उलटून वर्ष झालं, 24 लाख भरले होते, तरी चावी नव्हती. फोन केला की बिल्डर म्हणायचे, "गुरुजी, पावसाळा सरू द्या." तेव्हा आम्ही दोघांनी ठरवलं की आता बोलणं कागदावर.

पत्रात रागाला जागा ठेवली नाही. करार क्रमांक, भरलेल्या रकमा आणि ठरलेली तारीख एवढंच आधी लिहिलं. बिल्डरांचं म्हणणं होतं की रेरात मुदत वाढली आहे. पण ती नोंदणीची मुदत. 2017 च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने रेरा कायदा वैध ठरवताना सांगितलं, की उशीर करारातल्या तारखेपासूनच मोजायचा. म्हणून आम्ही तीच तारीख धरली.

मग बदल. महारेराच्या संकेतस्थळावरचा मंजूर नकाशा छापून घेतला, टेप घेऊन गेलो. स्वयंपाकघराची पश्चिमेची खिडकी बुजवलेली होती आणि खालच्या पार्किंगमध्ये दुकानाचा गाळा उभा होता. हे दोन बदल पत्रात वेगळे लिहिले, कारण कायद्याच्या कलम 14 मध्ये त्यांची संमतीही वेगळी आहे. खिडकी आमच्या घरातली, म्हणून आमची संमती हवी. पार्किंग सगळ्यांचं, म्हणून दोन तृतीयांश घरमालकांची लेखी संमती हवी, म्हणजे बारापैकी आठांची. शेजाऱ्यांना विचारलं, तर एकानेही सही दिलेली नव्हती. फोटो आणि मापं सोबत जोडली.

कलम 18 प्रमाणे घर सोडायचं असेल तर पैसे व्याजासह परत मिळतात. घर ठेवायचं असेल तर ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज मिळतं. दर स्टेट बँकेच्या सर्वात मोठ्या एमसीएलआरपेक्षा 2 टक्के जास्त असतो. समजा 11 टक्के धरले, तर 24 लाखांवर महिन्याला 22,000 रुपये होतात. घरात प्रश्न निघाला की व्याज घ्यायचं कसं. ते आम्ही आलिमांना विचारणार आहोत. पण पत्रात हक्क सोडला नाही, कारण एकदा लिहून सोडलेला हक्क परत मागणं कठीण.

पत्र करारातल्या पत्त्यावर पोचपावतीच्या रजिस्टर पोस्टाने पाठवलं आणि उत्तराला पंधरा दिवस दिले. उत्तर आलं नाही तर तीच पोचपावती महारेराकडच्या तक्रारीला जोडायची.

एक मात्र बघून घ्या. जागा 500 चौरस मीटरपर्यंतच असेल, किंवा घरं आठपेक्षा जास्त नसतील, तर रेराची नोंदणी सक्तीची नसते. अशा छोट्या इमारतींसाठी 1963 चा मोफा कायदा आणि जिल्हा ग्राहक आयोग आहे. आणि चावी देताना "कसलीही तक्रार नाही" असा छापील कागद पुढे आला, तर भोगवटा प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय आणि उरलेल्या तक्रारी त्यावरच लिहिल्याशिवाय सही करू नका.