मानेपाशी बघा

बाई हुद्द्याने तंत्रज्ञ होत्या आणि मी एम.डी. करणारा रेसिडेंट. कागदोपत्री त्यांनी मला विचारून काम करायचं होतं. प्रत्यक्षात उलटं चालायचं आणि त्यात आम्हा दोघांनाही काही वावगं वाटत नसे. मराठवाड्यातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात बुरशीचं टेबल त्या सांभाळत. टेबल म्हणजे खिडकीजवळचा ओटा, बर्नर, एक जुना मायक्रोस्कोप आणि टेस्टट्यूबचे रॅक. बॅक्टेरियाच्या बाजूला गर्दी असे, बुरशीकडे सहसा कुणी फिरकत नसे. मला तिथे पाठवलं गेलं तेव्हा थोडी शिक्षाच वाटली होती.

पुस्तकातून मी शिकून आलो होतो की बुरशीचे दोन प्रकार: यीस्ट आणि मोल्ड. यीस्ट म्हणजे सुटी गोल पेशी, अंगावर कोंब फुटतो, कोंब मोठा होऊन वेगळा होतो. मोल्ड म्हणजे तंतू. तो टोकाकडून वाढत जातो आणि आत मधून मधून आडवे पडदे घालत जातो. प्लेटवर यीस्टची कॉलनी मऊ, मलईच्या रंगाची, बॅक्टेरियाची वाटावी अशी. मोल्डची केसाळ, बहुधा रंगीत. हे मी बाईंना घडाघडा सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग डॉक्टर, कँडिडा यातलं कोण?"

मी म्हटलं, यीस्ट. त्यांनी एका पेशंटच्या तोंडातला पांढरा थर घेऊन १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये बसवलेली स्लाइड पुढे सरकवली. गोल पेशी होत्याच, पण त्यांच्यामधून लांबच लांब तंतूही गेले होते. त्याच पेशंटच्या नमुन्याची सॅब्युरो अगरवरची कॉलनी त्यांनी शेजारी ठेवली. तिच्या स्मिअरमध्ये निव्वळ गोल पेशी, जांभळ्या, ग्रॅम पॉझिटिव्ह. जीव एकच, माणसाच्या अंगात एक रूप आणि प्लेटवर दुसरं.

परीक्षेत हमखास विचारतात तो हिस्टोप्लाझ्मा बरोब्बर उलटा वागतो. २५ अंशांना तो मोल्ड, ३७ अंशांना, म्हणजे शरीरात, यीस्ट. त्याच्या बाबतीत तापमान हीच मुख्य कळ. कँडिडा अल्बिकन्सचं तसं नाही. उष्णता लागते, पण नुसत्या उष्णतेने भागत नाही. सीरम, भोवतालची आम्लता, उपासमार, अशी अनेक कारणं मिळून तो तंतू काढतो. म्हणूनच ३७ अंशांना ठेवलेल्या साध्या प्लेटवरही तो यीस्टच राहतो आणि त्याच ३७ अंशांना सीरममध्ये टाकला की दोन तासांत नळी काढतो. ओळख पटवण्याची सगळ्यात जुनी आणि स्वस्त चाचणी या स्वभावावरच उभी आहे: जर्म ट्यूब टेस्ट.

बाईंची ही चाचणी करण्याची पद्धत मी आजही तशीच्या तशी वापरतो. तपासून घेतलेलं सीरम त्या अर्धा अर्धा मिली लहान ट्यूबमध्ये भरून फ्रीझरमध्ये ठेवत आणि लागेल तेवढीच ट्यूब बाहेर काढत. कॉलनी ताजी, आदल्या दिवशीची हवी. लूपने भसकन उचलायची नाही. काडीच्या टोकाला जेमतेम लागेल एवढीच घ्यायची, कारण पेशींची गर्दी झाली की नळ्या निघतच नाहीत आणि अल्बिकन्स असूनही चाचणी निगेटिव्ह येते. बरोबर दोन ट्यूब आणखी लावायच्या, एक माहीत असलेल्या अल्बिकन्सची आणि एक ट्रॉपिकॅलिसची. पहिलीत नळी दिसली नाही तर सीरम वाया गेलंय असं समजायचं आणि त्या दिवशीचं काहीच कळवायचं नाही. वेळेबाबत त्या फार कडक होत्या. दोन तासांनी एक थेंब बघायचा, फार तर अडीच तासांनी पुन्हा. तीन तासांपुढे जायचं नाही, कारण तोवर ट्रॉपिकॅलिससुद्धा लांबुडका होऊ लागतो आणि डोळा फसतो.

तो कसा फसतो आणि कसा फसू द्यायचा नाही, हे मला एका केसने शिकवलं.

आतड्याच्या ऑपरेशननंतर आयसीयूत असलेला एक मध्यमवयीन पेशंट. मानेतल्या मोठ्या शिरेत लाइन, भारी अँटिबायोटिक्स चालू, तरी ताप हटत नव्हता. ब्लड कल्चरच्या बाटलीतून स्मिअर केला तर कोंब फुटलेल्या यीस्ट पेशी. कुणीतरी म्हणालं, बाहेरून आलं असेल, पुन्हा सँपल मागवू. बाईंनी स्लाइडवरून मान वर न काढताच सांगितलं, "थुंकीत दिसलं तर नव्वद शंका घ्या. लघवीत दिसलं तर कॅथेटर आहे का विचारा. रक्तात यीस्ट दिसलं तर बाहेरचं म्हणायचं नाही, आधी वॉर्डला फोन करायचा." फोन मी केला. पलीकडून पहिला प्रश्न आला तो रास्तच होता: फ्लुकोनॅझोल चालेल का? याचं उत्तर प्रजातीवर अवलंबून. क्रुसेईवर ते मुळातच चालत नाही, ग्लॅब्राटावर भरवसा कमी, अल्बिकन्सवर बहुधा चालतं. नुसतं "यीस्ट दिसलं" एवढ्याने डॉक्टरांचं भागणार नव्हतं.

बाटलीतून सॅब्युरोवर आणि क्रोमअगरवर एकाच वेळी लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सॅब्युरोवर कॉलनी आली आणि आम्ही जर्म ट्यूब लावली. दोन तासांनी मी थेंब बघितला. पुष्कळ पेशींतून लांबट शेपट्या निघाल्या होत्या. मी बाईंना बोलावलं. त्यांनी चाळीसच्या लेन्सवर मिनिटभर स्क्रू पुढेमागे केला आणि म्हणाल्या, "शेपटी बघू नका. मानेपाशी बघा."

मूळ पेशीतून शेपटी जिथे बाहेर पडते तिथे ती आवळलेली होती, प्रत्येकीत. खरी जर्म ट्यूब तशी नसते. ती पेशीतून सरळ बाहेर येते, दोन्ही कडा समांतर, बुडाशी कुठेही चिमटा नाही. जाडी पेशीच्या साधारण निम्मी, लांबी तीन-चार पट. शेजारची अल्बिकन्सची ट्यूब त्यांनी लगेच दाखवली, तिथे हे स्वच्छ दिसत होतं. कारण नंतर वाचलं. खऱ्या तंतूत पहिला पडदा नळीच्या आत, मानेपासून पुढे पडतो. आमच्या पेशंटच्या पेशी मात्र नळी काढतच नव्हत्या. त्या नेहमीसारखा कोंबच काढत होत्या. फक्त कोंब लांबट होता आणि सुटून जात नव्हता, त्यामुळे पडदा बरोबर मानेत पडत होता. असे कोंब एकाला एक चिकटून वाढले की निवडुंगाच्या फड्यांसारखी माळ होते, प्रत्येक जोडाशी आवळलेली. ती स्यूडोहायफा. लांबून तंतूच वाटते, पण तंतू नव्हे.

म्हणजे जर्म ट्यूब निगेटिव्ह. दुपारी आम्ही कळवलं: कँडिडा आहे, अल्बिकन्सची शक्यता कमी, प्रजाती नंतर. निगेटिव्ह म्हणजे अल्बिकन्स नाहीच, असं लिहायला बाईंची मनाई होती, कारण अल्बिकन्सचे थोडे वाण नळी काढतच नाहीत. उलट बाजूनेही कुंपण घालायचं असे. डब्लिनमध्ये सापडलेला आणि १९९५ साली स्वतंत्र प्रजाती म्हणून मांडलेला डब्लिनिएन्सिससुद्धा जर्म ट्यूब पॉझिटिव्ह असतो. दोघांत शंका आली तर ४५ अंशांना लावायचं. अल्बिकन्स सहसा वाढतो, डब्लिनिएन्सिस वाढत नाही.

क्रोमअगरचा रंग पक्का व्हायला ४८ तास द्यावे लागतात. अल्बिकन्स हिरवा, क्रुसेई फिका गुलाबी आणि खरखरीत, ट्रॉपिकॅलिस पोलादी निळा. आमची प्लेट निळी आली. रंग मात्र घाईने वाचू नये; पहिल्या दिवशी हिरवट-निळसर असं काहीतरी दिसतं आणि ज्याला जे हवं ते त्यात सापडतं.

बाईंचा खरा जीव होता तो कॉर्नमील अगरवर. बाजारातलं मक्याचं पीठ आणून त्या स्वतः ते शिजवत आणि गाळत, आणि त्यात एक टक्का ट्वीन ८० घालत. प्लेटवर समांतर रेघा हलक्या हाताने ओढायच्या, वर कव्हरस्लिप ठेवायची आणि दोन-तीन दिवस २५ अंशांना ठेवायचं. मे महिन्यात आमच्या खोलीचं तापमान त्याच्या आसपासही नसे, म्हणून कूलिंग असलेल्या इनक्युबेटरचा एक कप्पा त्यांनी भांडून मिळवला होता. कव्हरस्लिपखाली, जिथे हवा कमी, तिथे कँडिडा आपली ठेवण दाखवतो. अल्बिकन्समध्ये तंतूंच्या जोडांवर पेशींचे घोस आणि टोकाला जाड भिंतीचा टपोरा क्लॅमिडोस्पोर. ग्लॅब्राटात नुसत्या बारीक पेशी, माळ नाहीच. आमच्या प्लेटवर लांबच लांब माळा आणि त्यांच्या कडेने एकेकट्या विखुरलेल्या पेशी. ट्रॉपिकॅलिस. भारतातल्या आयसीयूंमध्ये रक्तात सापडणाऱ्या कँडिडांत तो अल्बिकन्सलाही मागे टाकतो, हे मला पुढे कळलं. प्लेटचं उत्तर येईपर्यंत लाइन काढली होती, औषधाची संवेदनशीलता तपासून झाली होती, आणि पेशंटचा ताप उतरला.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा स्लाइडचा एक लाकडी डबा त्यांनी माझ्याकडे दिला. लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लूमध्ये बसवलेले नमुने, कडा नेलपॉलिशने बंद केलेल्या, लेबलं त्यांच्या ठसठशीत अक्षरात. आभार मानायला गेलो तर म्हणाल्या, "डबा तसाच ठेवू नका, पोरांना दाखवा. आणि नेलपॉलिश तडकलं की पुन्हा लावा."

पुढे मी ज्या लॅबमध्ये गेलो तिथे यंत्रं होती. एकदा यंत्राने रक्तातल्या यीस्टचं नाव हीम्युलोनिआय असं दिलं. जर्म ट्यूब निगेटिव्ह, कॉर्नमीलवर माळा नाहीत, पण प्लेट ४२ अंशांना ठेवली तरी ती जोमाने वाढली. हीम्युलोनिआय तसा वाढत नाही, म्हणून संशय कँडिडा ऑरिसवर गेला. कँडिडा ऑरिस २००९ साली जपानमध्ये एका रुग्णाच्या कानातून प्रथम नोंदला गेला आणि काही वर्षांतच भारतातल्या रुग्णालयांत दिसू लागला. जुन्या यंत्रांच्या यादीत तो नव्हताच, म्हणून ती त्याला जवळच्या नातलगाचं नाव देत. आम्ही नमुना माल्डी-टॉफ असलेल्या केंद्राकडे पाठवला आणि उत्तराची वाट न बघता पेशंटला वेगळ्या खोलीत हलवायला सांगितलं, कारण हा खाटेच्या कठड्यावर आणि हातांवर टिकून राहतो. उत्तर ऑरिस असंच आलं.

बाईंच्या टेबलावर ऑरिस कधी आला नव्हता. मी फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी नाव दोनदा विचारून घेतलं आणि मग म्हणाल्या, "कॉर्नमीलची प्लेट टाकून दिली नाहीत ना? एक स्लाइड करून डब्यात ठेवा."