भाकरीवर आलेला आळ

2023 हे संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलेलं आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. तेव्हापासून चाकण-भोसरीकडच्या कंपन्यांच्या कॅन्टीनमध्ये ज्वारी-बाजरी-नाचणीचं प्रस्थ वाढलं आणि माझ्याकडे एक ठरावीक तक्रार येऊ लागली : "मॅडम, भाकरी सोसत नाही." गंमत म्हणजे असं म्हणणारे बरेचसे लातूर-बीड-जालन्याकडचे, म्हणजे भाकरीवरच वाढलेले.

असाच एक तिशीतला ऑपरेटर आला. निघोजेला भाड्याची खोली, चाकणला पहिली पाळी. कंपनीच्या तपासणीत साखर काठावर निघाली, म्हणून त्यानं सोमवारपासून सगळं एकदम बदललं. चौथ्या दिवशी पोटाला गुबारा धरला. तळेगाव चौकात बस अडकली होती आणि याला बसवेना, इतकी कळ.

मी त्याचं आधीचं खाणं लिहून घेतलं. सकाळी पोहे, कॅन्टीनमध्ये भात, पातळ आमटी, दोन चपात्या, थोडी भाजी, संध्याकाळी वडापाव, रात्री पुन्हा भात. यात दिवसाचा चोथा जेमतेम 18-20 ग्रॅम. नव्या आहारात तीन भाकरी, ताकात चार मोठे चमचे गव्हाचा कोंडा, वाटीभर कच्ची मोडाची मटकी आणि ताट भरून कोबी-कांदा-गाजर-मुळा. वरण-भाजी धरून बेरीज 45च्या घरात गेली. चार दिवसांत दुपटीहून जास्त.

एकट्या भाकरीवर आळ घेणं बरोबर नाही. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण 10 ग्रॅम चोथा असतो, बाजरीत साडेअकरा आणि न चाळलेल्या कणकेतही तेवढाच. घरच्या चपातीवरून भाकरीवर आलेल्याच्या चोथ्यात फारसा फरक पडत नाही. भातावरून, पावावरून आलेल्याच्या पडतो, कारण पांढऱ्या तांदळात तो तीन ग्रॅमही नसतो. ज्वारीची एक खोड मात्र आहे. शिजताना तिच्यातली प्रथिनं एकमेकांना घट्ट धरतात आणि पिठूळ भागाभोवती जाळं होतं, त्यामुळे काही पीठ न पचताच पुढे सरकतं. डब्यातल्या गार भाकरीत असा भाग आणखी थोडा वाढतो.

चोथा पचवणारे पाचकरस आपल्याकडे नाहीतच. तो लहान आतड्यातून तसाच मोठ्या आतड्यात जातो आणि तिथले जंतू तो आंबवतात. त्यातून आतड्याच्या अस्तराला पोसणारी आम्लं मिळतात आणि सोबत हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेनही. एरवी हा वायू रक्तात शोषला जातो, काही दुसरे जंतू खातात, उरलेला खालून सरतो. माल अचानक दुप्पट आला की वायू तयार होण्याचा वेग निचऱ्यापेक्षा वाढतो. आतड्याची भिंत ताणली जाते, ती आवळून वायू पुढे ढकलू पाहते, तीच कळ. मटकीतल्या आणि कांद्यातल्या काही साखरा तर जंतू फार झपाट्यानं आंबवतात. कोंड्याचं काम वेगळं : तो कमी आंबतो, पण त्याचे खरखरीत कण आतड्याला घासतात, पाणी आणि चिकट स्राव सुटतो, आतडं जोरानं हलतं.

म्हणून मी त्याला पहिलं विचारलं ते जेवणाच्या वेळेचं. जेवण अकराला, दुखणं चारला. चोथा मोठ्या आतड्यात पोचायला साधारण एवढाच वेळ लागतो. दुखण्याची जागा बदलत होती, वारा सरला की हलकं वाटत होतं. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं नव्हतं. पाणी मात्र तो मोजून प्यायचा, लाईन सोडून सारखं जाता येत नाही म्हणून. वाढलेल्या चोथ्याला पाणी कमी पडलं की शौच घट्ट होतं, आणि अडकलेल्या वायूची वाट आणखी तुंबते.

भाकरी मी बंद केली नाही. कोंडा बंद केला; भाकरी खाणाऱ्याला तो कशाला हवा, हे मला आजवर कळलेलं नाही. मटकी शिजवून उसळ करायला सांगितली, भिजवलेलं पाणी फेकून. ताटभर सॅलडऐवजी दोन चमचे काकडी-गाजराची कोशिंबीर. पहिल्या आठवड्यात दुपारची एकच भाकरी, बाकी नेहमीचं. मग दर आठवड्याला एकच गोष्ट वाढवायची, चार-पाच ग्रॅम चोथा येईल एवढीच. गुबारा धरला तर तिथेच आठवडाभर थांबायचं. तेवढ्या काळात चोथ्यावर जगणाऱ्या जंतूंची संख्या आणि कामं बदलतात, वायू खाणारेही वाढतात. सहाव्या आठवड्यात तो दोन भाकरी आणि उसळीवर होता, पोट शांत. कच्चा कांदा तेवढा अजून त्रास देतो, तो त्यानं सोडून दिला.

सगळ्यांचं असं सुटत नाही. आतडं मुळातच हळवं असणाऱ्यांना कोंडा कितीही हळू वाढवला तरी सोसत नाही. त्यातल्या बऱ्याच जणांना इसबगोल चालतो, तोही अर्ध्या चमच्यापासून आणि भरपूर पाण्यात. शौचात रक्त, ताप, कारण नसताना घटणारं वजन, किंवा पोट फुगून उलट्या होताहेत आणि वाराही सरत नाही, असं असेल तर आहाराचा कागद बाजूला ठेवून मी त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवते.