वाटीतला गाळ

बाबांची स्प्लेंडर इंदूरला माझ्याकडे आली, तेव्हा डिकीत त्यांची वहीही होती. ऑइल बदलल्याच्या तारखा ओळीने लिहिलेल्या, पण फिल्टर बदलल्याची एकही नोंद नाही. मला वाटलं, हयगय केली.

हयगय नव्हती. ऑफिसातल्या मित्राच्या बुलेटला कागदी फिल्टर आहे. तो धुता येत नाही. भरला की ऑइल बगलेच्या झडपेतून न गाळताच पुढे जातं, म्हणून पुस्तिकेत सांगितल्या अंतरावर तो बदलावाच लागतो. स्प्लेंडरच्या जुन्या इंजिनात असा फिल्टरच नाही. तिथे क्रँकच्या उजव्या टोकाला एक वाटी गरगर फिरते. ऑइलमधले जड कण कडेला फेकले जाऊन तिथेच थापले जातात. तळाशी, पंपाच्या आधी, एक साधी जाळी असते. ती मोठे तुकडे अडवते.

हे कळल्यावर मी उत्साहाने दर तीन हजार किलोमीटरला वाटी आणि जाळी साफ करून घेऊ लागलो. त्यासाठी ऑइल काढून, किक उतरवून उजवं कव्हर उघडावं लागतं. दर वेळी गॅस्केट नवं हवं. गॅरेजवाला जुन्यालाच सिलिकॉन फासून बसवायचा, आणि मी पाहत उभा असायचो.

चौथ्या सफाईनंतर महिन्याभरात हेडमधून टकटक सुरू झाली. टॅपेट लावूनही थांबेना. दुसऱ्या मिस्त्रीकडे नेली. त्याने जाळी ओढून काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. अर्धी जाळी सिलिकॉनच्या लवचीक चिंध्यांनी बुजलेली. "भैया, ये इंजन का कचरा नहीं है, ऊपर से लगाया हुआ है." पंपाला पुरेसं ऑइलच मिळत नव्हतं. सगळ्यात शेवटी ऑइल पोचतं ते वर हेडमध्ये, त्यामुळे कॅमवर ओरखडे उठले होते. कॅम बदलावा लागला.

वाटीत मात्र नखाने खरवडावा एवढाच मऊ काळा लेप होता. तो त्याने फडक्याने पुसला. हवा मारली नाही, कारण त्याने गाळ क्रँकच्या भोकात जातो. जाळी रॉकेलमध्ये धुतली, नवं गॅस्केट कोरडंच बसवलं.

"किती दिवसांनी उघडायचं?" मी विचारलं. ऑइल वेळेवर बदललं तर बारा हजारांना एकदा पुरे, किंवा क्लचप्लेटसाठी कव्हर निघेल तेव्हा. लेपात धातूची चमक दिसली तर मात्र सफाईवर भागत नाही, झिजतंय काय ते शोधावं लागतं.

घरी येऊन बाबांची वही पुन्हा चाळली. ३६ हजारांच्या नोंदीपुढे बारीक अक्षरात होतं: 'क्लचप्लेट. वाटी पुसली.' त्याआधी २४ हजारांना तसंच. मी फिल्टर हा शब्द शोधत होतो, म्हणून ते दिसलं नव्हतं.