मिठाची चोरी

माझी भाची लहानपणापासून कैरीवर मीठ असं घ्यायची की आपा ओरडायची. लोणच्याचा खार ती चमच्याने प्यायची. आम्ही तिला हसायचो. एकोणिसाव्या वर्षी तिच्या पायात गोळे येऊ लागले, बोटांना मुंग्या येऊ लागल्या. रमजानच्या चौथ्या रोज्याला ती चक्कर येऊन पडली, तेव्हा कुठे रक्त तपासलं. पोटॅशियम २.६. ते साधारण ३.५च्या वर हवं. रक्तातलं बायकार्बोनेटही वाढलेलं.

पुढच्या तपासणीत अल्डोस्टेरॉन वाढलेलं निघालं. हे संप्रेरक मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीत तयार होतं. ते मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावतं आणि बदल्यात पोटॅशियम लघवीतून बाहेर टाकायला लावतं. पहिल्या डॉक्टरांनी ग्रंथीत गाठ असेल म्हणून सीटी स्कॅन लिहून दिला. आपाने त्या रात्री जेवण केलं नाही.

मूत्रपिंडाच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र अहवाल बाजूला ठेवून आधी रक्तदाब घेतला. ९६/६०. म्हणाल्या, "गाठीमुळे अल्डोस्टेरॉन वाढलं असतं तर शरीरात मीठ साठलं असतं आणि रक्तदाब चढला असता. इथे तर उलटं आहे. रेनिन बघू."

रेनिन हा मूत्रपिंडाचा निरोप: रक्तात मीठ-पाणी कमी पडतंय, अल्डोस्टेरॉन पाठवा. मी शिक्षिका, म्हणून मला ते असं समजलं. दोन वह्यांत एकच चूक दिसली की आधी कुणी लिहिलं हे शोधावं लागतं. गाठ आपल्या मर्जीने अल्डोस्टेरॉन ओतते तेव्हा रेनिन गप्प बसतं. भाचीचं रेनिन खूप वाढलेलं होतं. म्हणजे मूळ चूक ग्रंथीची नव्हती. मीठ कुठून तरी गळत होतं आणि ग्रंथी बिचारी ते भरून काढायला धडपडत होती. त्या धडपडीतच पोटॅशियम जात होतं. स्कॅन रद्द झाला.

मग बाईंनी आम्हाला बाहेर काढलं आणि भाचीला एकटीला विचारलं, "जेवून उलटी काढतेस का? बारीक होण्यासाठी लघवीच्या गोळ्या घेतेस का?" दूल्हाभाईंना हे कळल्यावर फार राग आला. पण प्रश्न बरोबर होता. वारंवार उलट्या करणाऱ्याचं रक्त हुबेहूब असंच दिसतं. फरक लघवीतल्या क्लोराइडमध्ये कळतो. उलट्यांत ते २०च्याही खाली जातं, कारण मूत्रपिंड उरलेलं मीठ घट्ट धरतं. भाचीचं ११० आलं, आठवड्याने पुन्हा तपासलं तरी शंभराच्या वरच. गोळ्या घेणाऱ्याचं क्लोराइड गोळीचा असर असेपर्यंत जास्त, मग कमी, असं वरखाली होतं. तरीही लघवीत त्या औषधांचा शोध घेतला. काही निघालं नाही.

आता गळती मूत्रपिंडाचीच, हे नक्की झालं. फक्त नळीचा कोणता भाग, हे उरलं. त्यासाठी दोन साध्या तपासण्या पुरल्या. रक्तातलं मॅग्नेशियम १.३, म्हणजे कमी. लघवीतलं कॅल्शियमही फार कमी. ही जोडी गिटेलमन विकाराची. १९६६ साली हिलेल गिटेलमन यांनी तो वर्णिला. त्यात नळीच्या पुढच्या भागातलं मीठ परत ओढणारं प्रथिन जन्मतः बिघडलेलं असतं, जणू थायझाइडची गोळी आयुष्यभर चालू आहे. त्याचा भाऊबंद बार्टर विकार. त्यात बिघाड नळीच्या आधीच्या भागात असतो, लघवीत कॅल्शियम बहुधा जास्त जातं, आणि तो सहसा तान्हेपणीच दिसतो. काही वेळा आईच्या पोटात, गर्भाभोवतीचं पाणी वाढल्यामुळे. पण कधी कधी दोन्हींची लक्षणं एकमेकांत मिसळतात, म्हणून जनुक तपासणी केली. एसएलसी१२ए३ जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष निघाल्या.

आपा आणि दूल्हाभाई सख्खे मामेभाऊ-आतेबहीण. आपाने खाली बघत विचारलं, "आमच्या लग्नामुळे झालं का?" बाईंनी टाळलं नाही. दोघांकडे एकेक सदोष प्रत आहे, एकाच आजोबा-आजीकडून आलेली असण्याची शक्यता जास्त. नात्यात लग्न झालं की अशा प्रती एकत्र येण्याची शक्यता वाढते. पण नात्याबाहेर लग्न झालेल्यांच्या मुलांतही हा विकार दिसतो. प्रत्येक मुलामागे चारात एक, एवढंच. एकच प्रत असलेले आई-वडील मात्र धडधाकट राहतात.

उपचारात ऑपरेशन नाही. पोटॅशियम क्लोराइडचं औषध दिवसातून विभागून घ्यायचं, चव इतकी वाईट की भाची नाक धरून पिते. सोबत मॅग्नेशियम, कारण ते कमी असेल तर पोटॅशियम टिकत नाही. आकडा ३.५ला पोहोचेलच असं नाही. ३च्या आसपास राहून त्रास नसला तरी बाईंना चालतं. हृदयाचा आलेख मधूनमधून काढतात, जुलाब-उलट्या झाल्या तर लगेच दवाखाना. रोजे त्यांनी बंद केले. यावर घरात वाद झाला नाही, आजाऱ्याला सवलत आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. वाद झाला तो मिठावर. "हवं तेवढं खाऊ दे" हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकूनही आपाचा हात मिठाच्या बरणीकडे जातोच, झाकण लावायला.

धाकट्या भाच्याचं रक्त गेल्या आठवड्यात दिलंय. तोही लोणच्याचा खार पितो.