अर्धा तांब्या

आमच्या माणदेशात पूर्वी वऱ्हाड मांडवाच्या दारात आलं की नवरीची आई पुढं व्हायची. इहीणबाईला पाटावर उभं करायची, भाकरतुकडा ओवाळून टाकायची आणि तांब्यानं तिच्या पायावर पाणी घालायची. पाणी घालता घालता ओव्या म्हणायची. मग पायावर हळद-कुंकू, ओटी, आणि इहीण उंबऱ्याच्या आत. ओव्या किती म्हणायच्या याचं मापही त्या पाण्यातच होतं. तांब्या रिता होईस्तोवर ओव्या संपल्या पाहिजेत. माझी आय एरवी चार-पाच म्हणायची. आमच्या आक्काच्या लग्नात तिनं दोनच म्हटल्या.

ते दुष्काळाचं साल होतं. 1972 चा पाऊस गेला होता आणि 1973 च्या वैशाखात आक्काचं लग्न धरलं होतं. मी बारा-तेरा वर्षांचा होतो. आय आणि दादा खडी फोडायच्या कामावर जायचे. घरात लाल मिलो यायचा, त्याची भाकरी धड थापायची नाही. हिरीच्या तळाला रात्रभर जे झिरपायचं, ते पहाटे वाटीनं उपसून घागर भरायची. लग्नासाठी चार दिवस पाणी साठवलं, तरी ते सैपाकाला आणि प्यायलाच पुरणार होतं.

आयला पंगतीची एवढी काळजी नव्हती. तिचा जीव दारात अडकला होता. "पायावर पाणी कमी पडलं तर वऱ्हाडातल्या बाया म्हणतील, लेक देताना हात आखडला. आन् ते बोल आक्का जलमभर ऐकंल," असं ती जात्यावर बसून मला म्हणाली. मी खुट्याला हात लावला होता. दळता दळता ती ओवी जुळवायची, एक ओळ म्हणून बघायची, मोडायची, पुन्हा म्हणायची. दाणे संपले तरी जातं फिरतच होतं.

तेव्हा तिनं मला त्यातली मेख सांगितली. पहिल्या ओवीत आलेल्या माणसाचा मान करायचा, ते कुठनं आले ते सांगायचं. दुसऱ्या ओवीत आपलं उणं आपणच बोलून टाकायचं. इहिणीनं बोलायच्या आत आपण बोललो, की तिला बोलायला काही उरत नाही. थट्टेच्या ओव्या दारात म्हणायच्या नाहीत, त्या रुखवताला. आणि दारात बडेजाव तर अजिबात नको. आमच्या भावकीतल्या एका बाईनं दारात तूपसाखरेच्या गोष्टी गायल्या होत्या. पंगतीला भात कमी पडला, आणि वरमाय तीच ओवी म्हणत पानावरनं उठली होती.

लग्नाच्या दिवशी सांगोल्याकडनं वऱ्हाडाची मालट्रक आली. इहीण पाटावर उभी राहिली, मागं बायांची दाटी. आयच्या हातातला तांब्या अर्धाच भरलेला होता, आणि ते सगळ्यांना दिसत होतं. एक बाई दुसरीच्या कानाला लागलेली मी पाहिली. आयनं पाण्याची बारीक धार सोडली आणि गळा काढला,

"आली इहीण दारात, सांगोल्याच्या वाटंनं
पाय धुते गं तिचं, पाणी मोजून वाटीनं"

कानाला लागलेली बाई थांबली. आय पुढं म्हणाली,

"तळ दावला हिरीनं, अर्धा तांब्या उरला
लेक देते भरून, उणं काढू नगा तिला"

पाणी संपलं. आय तशीच वाकून राहिली. दारातल्या ओवीला समोरनं ओवी आली तर सोयरीक गोडीनं जुळली असं समजायचं, गप्प राहिले तर रुसवा आहे असं समजायचं. मला मात्र हलगीवाला थांबल्याचं तेवढं कळलं. मग इहिणीनं खाली वाकून आयच्या हातातला तांब्या काढून घेतला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली,

"अर्धा तांब्या पुरं झाला, नगा इहीणबाई लाजू
भरल्या हंड्याचं पाणी, तुमच्या लेकीला पाजू"

आय तिथंच रडायला लागली. पाय कोरडे व्हायच्या आत हळद-कुंकू लावायचं असतं, ते मावशीनं लावलं.

भरला हंडा त्यांच्याकडं तरी कुठला? सांगोल्याकडंही तोच दुष्काळ होता. आक्काला कोसभर लांबनं पाणी आणावं लागायचं. पण पहिल्या दिवाळीला माहेरी आली तेव्हा तिनं आयला सांगितलं, "सासूबाई संगट येत्यात. आन् हिरीवर घागर भरली की पैल्यांदा मला प्यायला लावत्यात. म्हणत्यात, तुझ्या आयला दारात बोलून बसलेय."

आय यावर काही बोलली नाही. उठून चुलीपुढं गेली आणि आक्काला आवडतं म्हणून भाकरीवर गूळ ठेवला.